लाकडी फ्लोअरिंगचे टेक्स्चर: जोड लपला, पुनरावृत्ती उरली (प्रकल्प नोंदी)

3 फेब्रुवारी

सीन एका मोठ्या हॉलचा आहे. जमीन 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, एका बाजूला उंच खिडक्या, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. स्थिर चित्रे ब्लेंडरच्या सायकल्समध्ये रेंडर करायची आहेत. शिवाय हॉलमध्ये फिरून पाहता येईल असा रिअल-टाइम व्ह्यूअरही द्यायचा आहे, त्याचा शेडर जीएलएसएलमध्ये आहे. म्हणजे जी युक्ती करू ती दोन्हीकडे चालायला हवी.

सध्या हाताशी 2 मीटर × 2 मीटरची टाइल आहे, 4096 × 4096 पिक्सेलची. फळ्या 12.5 सेंमी रुंद, म्हणजे टाइलमध्ये 16 ओळी आणि प्रत्येक फळीच्या वाट्याला बरोबर 256 पिक्सेल. टाइलचे जोड चांगले आहेत. चारही कडांवर झूम करून पाहिले, कुठे रेष तुटत नाही.

तरीही पहिल्याच रेंडरमध्ये जमीन छापील कापडासारखी दिसते. कारण साधे आहे: या जमिनीवर टाइल आडवी 5 वेळा आणि उभी 4 वेळा बसते, म्हणजे तीच नक्षी 20 वेळा. टाइलमध्ये एक गडद फळी आहे, ती 20 ठिकाणी. एक ठसठशीत गाठ आहे, तीही 20 ठिकाणी, आणि तीही एका रेषेत. जोड न दिसणे आणि पुनरावृत्ती न दिसणे ही दोन वेगळी कामे आहेत. टाइल विकणारे पहिल्यावरच थांबतात.

नजर रोज तेच चित्र पाहून बोथट होते, म्हणून एक चाचणी ठरवून टाकली: रेंडर आठपट लहान करायचे आणि कॉन्ट्रास्ट बराच वाढवायचा. रेषांचा बारीक तपशील निघून जातो आणि उरतात ते फक्त मोठे डाग. आजच्या चित्रात गडद फळी दिसलीच. पण प्रत्येक टाइलच्या मध्यावर एक फिकट ढगही दिसला, जो मूळ आकारात कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

5 फेब्रुवारी

तो ढग लाकडाचा नाही, फोटोचा आहे. लेन्समुळे कडा किंचित काळवंडतात, दिवाही मधोमध जास्त पडतो. हा फरक थोडकाच असतो, पण 20 वेळा सारख्या अंतरावर आला की त्याचे पट्टे दिसतात.

उपाय जुनाच आहे. टाइलची एक प्रत घेऊन ती खूप मोठ्या त्रिज्येने धूसर करायची (मी 40 सेंमी, म्हणजे सुमारे 820 पिक्सेल घेतली), मूळ चित्राला या धूसर प्रतीने भागायचे आणि सरासरी उजेड पुन्हा मूळ पातळीवर आणायचा. गणित लिनियर रंगमूल्यांवर करायचे, आणि धूसर करताना टाइलची उजवी कडा डावीला चिकटलेली आहे असे धरायचे. ते धरले नाही तर कडेपाशी धूसर प्रत चुकीची होते आणि भागाकारानंतर तिथेच नवा जोड तयार होतो. साधा ब्लर फिल्टर हे आपणहून करत नाही. आधी टाइल 3 × 3 मांडून मग मधला तुकडा कापून घेतला की काम होते.

ढग गेला. मग गडद फळी उजळली, गाठ मिटवली, दोन ठळक रेषा सौम्य केल्या. लहान केलेल्या चित्रात आता पुनरावृत्ती दिसत नाही. पण लाकूडही दिसत नाही. जमीन लॅमिनेटच्या स्वस्त शीटसारखी झाली आहे. टाइलच्या पद्धतीची खरी मर्यादा ही आहे: पुनरावृत्ती लपवायची तर नजरेत भरणारे सगळे काढावे लागते, आणि लाकूड लाकूड वाटते ते त्याच नजरेत भरणाऱ्या गोष्टींमुळे.

8 फेब्रुवारी

अनेक जण करतात ते करून पाहिले. टाइलसोबत एक दुसरे चित्र बनवायचे, ज्यात प्रत्येक फळी एका वेगळ्या सपाट करड्या छटेने भरलेली असते. ही छटा म्हणजे फळीचा क्रमांक. शेडरमध्ये हा क्रमांक आणि टाइलची कितवी प्रत आहे हा आकडा (यूव्हीचा `floor`) एकत्र करून त्यातून यादृच्छिक संख्या काढायची आणि तिने फळी थोडी गडद किंवा फिकट करायची. त्यामुळे तीच फळी प्रत्येक प्रतीत वेगळ्या छटेची दिसते.

फरक लगेच पडतो. पण एक दोष आहे आणि तो मुळातला आहे. टाइलच्या उभ्या कडेवर पडणारी फळी अर्धी एका प्रतीत असते, अर्धी शेजारच्या. दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळी छटा मिळते आणि फळीच्या मध्येच सरळ उभी चीर दिसते. बहुतेक ओळींत असे होत असल्याने दर 2 मीटरवर एक भलीमोठी रेघ उमटते. सगळ्या ओळींचे सांधे टाइलच्या कडेवर आणले तर ती रेघ खऱ्या सांध्यांचीच बनते, आणि अशी जमीन कुठलाही सुतार घालणार नाही.

यातून कळते ते असे, की फळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे चित्रात गोठवून ठेवले की शेडरचा हात बांधला जातो. मांडणी शेडरनेच करायला हवी.

9 फेब्रुवारी

त्याआधी दोन जवळचे मार्ग तपासून बाजूला ठेवले.

हाइट्झ आणि नेयरे यांनी 2018 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पृष्ठभागावर त्रिकोणी जाळी धरतात. प्रत्येक बिंदूपाशी टेक्स्चरचे तीन वेगवेगळ्या जागचे तुकडे मिसळतात, आणि मिसळताना रंगांचे वितरण बिघडू देत नाहीत. वाळू, गवत, शेवाळ यांवर ती अप्रतिम चालते. फळ्यांवर नाही, कारण सांध्यांच्या तीन प्रती एकमेकींवर पडतात आणि धुरकट जाळी दिसते.

दुसरा मार्ग वँग टाइल्सचा: कडा जुळणाऱ्या अनेक टाइल्स बनवून त्या यादृच्छिक क्रमाने लावायच्या. कोहेन आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या पद्धतीत 8 टाइल्सच्या संचातही ठरावीक अंतराने पुन्हा न येणारी मांडणी मिळते. फळ्यांसाठी हे जमेल, पण मेहनत टाइल्सच्या कडा जुळवण्यात जाते. लाकडी जमिनीत दर 12.5 सेंमीवर एक कड आयती पडलेलीच आहे. तिथे दोन बाजूंचे लाकूड जुळावे अशी कुणाची अपेक्षाच नसते.

11 फेब्रुवारी

मांडणी ठरली. चित्रात आता जमीन नाही, फक्त सुट्या फळ्या आहेत. कोणता बिंदू कोणत्या फळीत पडतो हे शेडर ठरवतो.

ओळ काढणे सोपे आहे: आडव्या अंतराला 0.125 ने भागून `floor`. लांबीच्या दिशेने फळी सरासरी 1.5 मीटरची धरली. आता प्रत्येक ओळ किती सरकवायची? पूर्ण यादृच्छिक सरकवली तर कधीतरी शेजारच्या दोन ओळींचे सांधे दोन-चार सेंटिमीटरवर येतात, आणि खऱ्या कामात हेच टाळलेले असते. एकाआड एक अर्धी सरकवली तर विटांची भिंत होते. मी दर ओळीला फळीच्या 21/34 भागाने सरकवले. हा अपूर्णांक सुवर्ण गुणोत्तराजवळचा आहे. त्यामुळे लगतच्या ओळींचे सांधे 0.38 फळी, म्हणजे सुमारे 57 सेंमी दूर राहतात, आणि एक ओळ सोडून पुढचे साधारण 35 सेंमी. (34 हाच आकडा का, ते शेवटच्या नोंदीत.)

नुसत्या या सरकवण्याने वरून पाहताना तिरक्या पायऱ्या दिसतात, कारण दर तिसऱ्या ओळीचा सांधा पहिल्याजवळ येऊन थोडासा सरकतो. म्हणून प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे 10 सेंमीपर्यंत मागे-पुढे हलवला. एका दगडात दोन कामे झाली: पायऱ्या मोडल्या आणि फळ्यांची लांबी 1.3 ते 1.7 मीटर अशी बदलती झाली. लगतच्या ओळींत सांध्यांचे किमान अंतर आता 37 सेंमी आहे.

```glsl
float s  = fract(row * 21.0 / 34.0);
float x  = u / 1.5 + s;
float k  = floor(x + 0.5);
float j  = k + 0.13 * (rnd(k, row) - 0.5);
float id = (x < j) ? k - 1.0 : k;
```

`k` हा सर्वांत जवळचा सांधा. बिंदू त्याच्या अलीकडे असेल तर मागची फळी, नाहीतर पुढची. फळीच्या आतले अंतर मोजायला `id` चा सांधा पुन्हा काढावा लागतो, कारण तो `j` असेलच असे नाही. `rnd` मध्ये `sin` वर आधारलेला प्रचलित तुकडा वापरला नाही. वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांवर तो वेगवेगळी उत्तरे देतो, आणि मग एका मशीनवरची जमीन दुसरीकडे तशीच येत नाही. पूर्णांकांवरचा पीसीजी हॅश घेतला. ब्लेंडरच्या नोड्समध्ये हेच काम `White Noise Texture` करते. दोघांचे आकडे अर्थातच जुळत नाहीत, पण व्ह्यूअर आणि रेंडर शेजारी ठेवून फळ्या कोण मोजणार?

14 फेब्रुवारी

फळ्यांच्या पट्ट्या तयार करतोय. 12 पट्ट्या, प्रत्येकी 2 मीटर × 12.5 सेंमी, म्हणजे 4096 × 256 पिक्सेल. सगळ्या मिळून 4096 × 3072. जुन्या एका टाइलपेक्षा मेमरी पाऊण पट लागते, हे पाहून बरे वाटले.

पट्टीतला कोणता भाग घ्यायचा हे दर फळीला यादृच्छिक ठरते. सर्वांत लांब फळी 1.7 मीटरची आणि पट्टी 2 मीटरची, त्यामुळे सुरुवात शेवटाकडून झाली तर फळी पट्टीच्या टोकाबाहेर जाते. तेव्हा पट्टीची दोन टोके एकमेकांना जुळायला हवीत. अख्ख्या कामात जोड लपवायची गरज उरली ती एवढीच: एकाच दिशेने, फक्त 256 पिक्सेल रुंदीवर.

पण लाकडाच्या रेषांच्या बाबतीत हाच जोड अवघड असतो. पट्टी अर्ध्याने सरकवली की दोन्ही टोके मध्यावर भेटतात आणि रेषा एकमेकींना चुकवतात. तिथे सरळ फेड केला तर 20-30 सेंमी भागात दोन्ही बाजूंच्या रेषा अर्धपारदर्शक होऊन दिसतात, लाकूड दुहेरी वाटते. क्लोन ब्रशने घासले तर तो भाग मऊ पडतो आणि चकाकीत ओळखू येतो.

जमले ते असे. आधी रेषा मुळात किती तिरक्या जातात ते मोजले. पाचव्या पट्टीत त्या 2 मीटरमध्ये 6 मिलिमीटर, म्हणजे 12 पिक्सेल खाली उतरतात. तेवढी पट्टी उलट दिशेने तिरकी ओढली, त्यामुळे टोकांवर ठळक रेषा समोरासमोर आल्या. कडेला मोकळ्या झालेल्या जागेसाठी मूळ फोटो 256 पेक्षा थोडा रुंद ठेवला होता. मग फेडऐवजी मास्क हाताने कापला: गडद रेषेच्या कडेकडेने 30-40 सेंमी लांब जाणारी, दातेरी, तीक्ष्ण सीमा. एका बाजूचे लाकूड दुसऱ्यात बोटे गुंफल्यासारखे शिरते आणि प्रत्येक बोटाची कड एका खऱ्या रेषेवर पडते. नजर त्या कडेला रेषाच समजते.

गाठी असलेल्या पट्ट्यांत जोड गाठीपासून शक्य तितका दूर घेतला, कारण गाठीभोवती रेषा वळतात आणि सीमेला सरळ वाट मिळत नाही.

उजेड सपाट करण्याचे 5 तारखेचे काम इथेही केले, पण पट्टीनिहाय. शिवाय सर्व पट्ट्यांचा सरासरी रंग एकच केला. छटांचा फरक शेडर देणार आहे. तो पट्टीतही राहिला तर गडद पट्टी कायम गडदच येईल आणि ओळखीची होईल.

17 फेब्रुवारी

पट्टी निवडताना शुद्ध यादृच्छिकता नको. 12 पट्ट्या असतील तर लगतच्या दोन फळ्यांना तीच पट्टी मिळण्याची शक्यता 12 त 1. हॉलमध्ये सव्वाचारशेच्या आसपास फळ्या आहेत आणि प्रत्येकीला शेजारणी अनेक, त्यामुळे अशा जोड्या सहज काही डझन होतात. दोन जुळ्या शेजारी बसल्या की पाहणारा उरलेल्या शोधायला लागतो.

पट्ट्यांचे तीन-तीनचे चार गट पाडले. ओळ सम की विषम आणि फळीचा क्रमांक सम की विषम, यांवरून गट ठरतो. गटातली पट्टी यादृच्छिक. आता लगतच्या ओळीत किंवा त्याच ओळीत पुढे-मागे तीच पट्टी येऊच शकत नाही. एक ओळ सोडून येऊ शकते, पण मध्ये एक वेगळी फळी असते आणि सुरुवातीची जागाही निराळी असते.

खोलीचा शून्यबिंदू कोपऱ्याबाहेर नेला. क्रमांक ऋण झाले की जीएलएसएलच्या पूर्णांकी `%` वर विसंबता येत नाही, आणि गटांची घडी विस्कटते.

20 फेब्रुवारी

फळी यादृच्छिकपणे आडवी किंवा उभी उलटी केली तर एका पट्टीच्या चार दिसतात. रंगाच्या चित्राला हे फुकट मिळते. नॉर्मल मॅपला नाही.

खिडकीच्या तिरक्या उजेडात काही फळ्यांच्या रेषा कोरलेल्या दिसत होत्या आणि काहींच्या उठावदार. चित्र उलटवले, पण त्यात साठवलेल्या दिशा तशाच राहिल्या, म्हणून असे होते. लांबीच्या दिशेने उलटवले तर लाल वाहिनी 1 मधून वजा करायची, रुंदीच्या दिशेने उलटवले तर हिरवी, आणि दोन्ही केले तर दोन्ही. सायकल्समध्ये मी नॉर्मल मॅप सोडून उंचीचे चित्र `Bump` नोडला दिले. उतार तिथल्या तिथे काढला जातो, त्यामुळे उलटवण्याचा प्रश्नच येत नाही. व्ह्यूअरमध्ये मात्र वजाबाकी करावी लागली.

22 फेब्रुवारी

व्ह्यूअरमध्ये फळ्यांच्या कडांवर बारीक तुटक रेघा. जवळ कमी, दूर जास्त, आणि झूम केले की 2 × 2 पिक्सेलचे ठोकळे. रंग पट्टीच्या सरासरीएवढा. हे शेवटचे लक्षण पाहिले की दोष कुठे आहे ते कळते.

ग्राफिक्स कार्ड मिपमॅपची पातळी ठरवताना शेजारच्या पिक्सेलांमध्ये यूव्ही किती बदलते ते पाहते. फळीच्या कडेवर आपण मुद्दाम एकदम दुसऱ्याच जागी उडी मारतो. कार्डाला वाटते टेक्स्चर फार दूर आहे, आणि ते सर्वांत लहान, सपाट पातळी उचलते. उपाय म्हणजे उडीच्या आधीच्या, अखंड निर्देशांकांवरून बदलाचा वेग काढून तो हातात द्यायचा:

```glsl
vec2 p  = vec2(u / 2.0, v / 0.125);
vec2 dx = dFdx(p), dy = dFdy(p);
vec4 c  = textureGrad(planks, vec3(q, layer), dx, dy);
```

पट्ट्या एका चित्रात खाली-वर चिकटवण्याऐवजी `sampler2DArray` मध्ये वेगवेगळ्या थरांत ठेवल्या आहेत. एका चित्रात ठेवल्या असत्या तर वरच्या मिपमॅप पातळ्यांवर शेजारच्या पट्टीचा रंग झिरपला असता. लांबीच्या दिशेने `GL_REPEAT`, रुंदीच्या दिशेने `GL_CLAMP_TO_EDGE`.

26 फेब्रुवारी

गाठी परत आणल्या. टाइलमधून ज्या मिटवाव्या लागल्या होत्या त्याच.

चारही गटांत एक गाठीची पट्टी आणि दोन साध्या. तिघींना सारखी संधी दिली तर दर तिसऱ्या फळीला गाठ येते, जमीन देवीचे व्रण पडल्यासारखी दिसते. गाठीच्या पट्टीला दहात एक संधी ठेवली. एका गटाच्या वाट्याला शंभरेक फळ्या, म्हणजे एकेक गाठ हॉलमध्ये साधारण अकरा वेळा, आणि तीही चार दिशांत वाटलेली. एकाच दिशेची तीच गाठ सरासरी दोन-तीनदा, तीही दूरदूर. शोधायला बसलो तर सापडतात. न सांगता दोघा सहकाऱ्यांना दाखवले, त्यांना सापडल्या नाहीत.

छटेसाठी साधी समान यादृच्छिक संख्या वापरली तर जमीन सोंगट्यांच्या पटासारखी होते, कारण टोकाच्या छटा मधल्यांइतक्याच वारंवार येतात. दोन यादृच्छिक संख्यांची बेरीज घेतली की बहुतेक फळ्या मध्याजवळ राहतात आणि मोजक्याच टोकाला जातात. उजेडाचा फरक जास्तीत जास्त 7 टक्के, दोन्ही बाजूंना. चकाकीसाठी वेगळी यादृच्छिक संख्या घेतली. तीच वापरली तर प्रत्येक गडद फळी चकचकीत होते, आणि हा संबंध खिडकीच्या प्रतिबिंबात चटकन उघडा पडतो.

आठपट लहान करण्याच्या चाचणीत आता डाग दिसतात, भरपूर दिसतात, पण त्यांना लय नाही.

2 मार्च

मागणी आली की ज्यांच्याकडे हा शेडर चालणार नाही त्यांच्यासाठी साधी चित्रफाइलही हवी, म्हणजे पुन्हा टाइलच. पण आता ती मांडणीतूनच बेक करता येते, आणि 21/34 तेव्हा इथेच नजर ठेवून निवडले होते. 34 ओळींनंतर सरकणे बरोबर 21 फळ्यांचे, म्हणजे पूर्णांकी होते आणि मांडणी पुन्हा शून्यावर येते. 34 ओळी म्हणजे 4.25 मीटर. लांबीला 4 फळ्या, 6 मीटर. दोन्ही आकडे सम, त्यामुळे गटांची सम-विषम घडी कडेवरही टिकते. `rnd` ला देण्याआधी ओळ 34 ने आणि फळी 4 ने गुंडाळायची. `id` उणे एक होऊ शकतो, म्हणून आधी 4 मिळवायचे. एवढे केले की कडा आपोआप जुळतात, हाताने काही करावे लागत नाही. अर्ध्याने सरकवून पाहिले, कडेवरच्या फळ्या अखंड आहेत.

आकार 8192 × 8192 ठेवला. लांबीला मीटरमागे 1365 पिक्सेल, रुंदीला 1927. लाकडात बारीक तपशील रेषांच्या आडव्या दिशेने असतो, म्हणून ही विषम वाटणी फायद्याची. यूव्हीचे प्रमाण 6 : 4.25 द्यायला मात्र विसरता कामा नये, ते फाइलच्या नावातच लिहिले: `floor_6000x4250mm`.

टाइलमध्ये 136 फळ्या आहेत. आपल्या हॉलमध्ये ती दोन्ही दिशांना दोनदाही पूर्ण बसत नाही. तरी टाइल ती टाइलच, म्हणून बेक करण्यापुरत्या गाठी आणखी विरळ केल्या आणि छटांचा फरक 4 टक्क्यांवर आणला. गुडघ्याइतक्या उंचीवरून जवळचा शॉट असेल तर लांबीच्या रेषा मऊ दिसतील, तिथे पट्ट्यांचा शेडरच लागेल. हेरिंगबोनची चौकशीही आली आहे. पट्ट्या त्याच चालतील, पण तिथे ओळ आणि सांधा यांचा हिशेब पूर्ण निराळा आहे, तेव्हा त्याची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये सुरू करतोय.